गच्चीवरील हायड्रोपोनिक्स: नायट्रेटचा हिशेब आणि दोन बाटल्या वेगळ्या ठेवण्याचे कारण

कोल्हापुरात ठिबकवर ऊस आणि भाजीपाला घेणारे शेतकरी भरपूर असल्यामुळे पाण्यात विरघळणारी खते कोणत्याही कृषी सेवा केंद्रात सहज मिळतात. कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट, ‘तेरा शून्य पंचेचाळीस’ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ‘झिरो बावन्न चौतीस’ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, एवढ्या चार पिशव्यांवर माझ्या गच्चीवरील पालक आणि लेट्यूसची मुख्य अन्नद्रव्ये भागतात. या टप्प्यात मी तयार मिश्रण वापरणे थांबवले असून प्रत्येक क्षाराचे एक मोलर साठाद्रावण स्वतः बनवून त्यातूनच बादली भरतो आहे. प्रमाण होगलंड या मातीविना शेतीसाठीच्या ठरलेल्या पोषणद्रावणाचे, पण निम्म्या तीव्रतेचे ठेवले आहे.

सुरुवात कॅल्शियम नायट्रेटपासून करावी लागते, कारण हिशेब चुकण्याची सर्वांत मोठी जागा तीच आहे. प्रयोगशाळेतील कॅल्शियम नायट्रेटमध्ये प्रत्येक कॅल्शियम आयनामागे दोन नायट्रेट आयन असतात. खत म्हणून मिळणारा दाणेदार पदार्थ मात्र दुहेरी क्षार असतो: पाच कॅल्शियम, एक अमोनियम, अकरा नायट्रेट आणि दहा पाण्याचे रेणू. पिशवीवर एकूण नत्र १५.५ टक्के आणि त्यातील थोडा भाग अमोनियम स्वरूपात असे छापलेले असेल, तर हाच पदार्थ समजावा. याचा रेणुभार सुमारे १०८१ येतो. त्याला पाचने भागले, की एक मोल कॅल्शियमसाठी २१६ ग्रॅम खत लागते हे कळते. म्हणून २१६ ग्रॅम खतापासून एक लिटर द्रावण केले, तर त्यात कॅल्शियम १ मोलर, नायट्रेट २ नव्हे तर २.२ मोलर आणि अमोनियम ०.२ मोलर असते.

‘एक लिटर द्रावण’ आणि ‘एक लिटर पाण्यात विरघळवलेले खत’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या संहत द्रावणात स्पष्ट दिसते. मी आधी साधारण सहाशे मिलिलिटर पाण्यात खत विरघळवतो. विरघळताना भांडे हाताला चांगलेच गार लागते, कारण हा क्षार विरघळताना पाण्यातील उष्णता शोषून घेतो. ते पुन्हा खोलीच्या तापमानाला येऊ दिल्यावरच एक लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरावे. गार द्रावण खुणेपर्यंत भरले, तर तापल्यावर ते खुणेच्या वर जाते आणि संहती अपेक्षेपेक्षा किंचित कमी पडते.

दहा लिटरच्या बादलीसाठी कॅल्शियम नायट्रेटचे २५ मिलिलिटर, पोटॅशियम नायट्रेटचे २५, मॅग्नेशियम सल्फेटचे १० आणि फॉस्फेटचे ५ मिलिलिटर असे माप आहे. एकाच द्रावणाचे विरलन असेल, तर C₁V₁ = C₂V₂ पुरेसे होते. येथे मात्र नायट्रेट दोन क्षारांतून येत असल्याने ते सूत्र थेट लावता येत नाही आणि दोन संहतींची सरासरी काढणे तर साफ चुकीचे ठरते. बेरीज मोलची करायची आणि भागाकार अंतिम घनफळाने करायचा. कॅल्शियम नायट्रेटमधून २५ × २.२ म्हणजे ५५ मिलिमोल नायट्रेट येते, पोटॅशियम नायट्रेटमधून २५ मिलिमोल. एकूण ८० मिलिमोल दहा लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ८ मिलिमोल. शुद्ध क्षार गृहीत धरला असता, तर हेच उत्तर ७.५ आले असते. पोटॅशियमचेही तसेच: एका बाटलीतून २५ आणि दुसरीतून ५, म्हणून लिटरला ३ मिलिमोल.

असा हिशेब बरोबर आहे की नाही, हे तपासण्याची एक पद्धत मला फार आवडते आणि ती प्रत्येकाने वहीत ठेवावी असे वाटते. द्रावणातील धन आणि ऋण प्रभार समान असलेच पाहिजेत. धन बाजूला कॅल्शियम २.५ ची दुप्पट ५, पोटॅशियम ३, मॅग्नेशियम १ ची दुप्पट २ आणि अमोनियम ०.५ मिळून १०.५ होतात. ऋण बाजूला नायट्रेट ८, सल्फेट १ ची दुप्पट २ आणि फॉस्फेटचा ०.५ मिळूनही १०.५ च होतात. नायट्रेट ७.५ धरले असते, तर दोन्ही बाजूंत फरक पडून चूक तेथेच लक्षात आली असती.

आता दोन बाटल्यांबद्दल. कॅल्शियमचे आणि सल्फेटचे साठाद्रावण एकाच बाटलीत का ठेवत नाहीत, हे डोळ्यांनी पाहण्यासाठी मी दोन्हींचे ५०-५० मिलिलिटर एका काचेच्या पेल्यात मुद्दाम एकत्र केले. घनफळ दुप्पट झाल्याने मिसळण्याच्या क्षणी दोन्हींची संहती निम्मी, म्हणजे ०.५ मोलर होते. त्यांचा गुणाकार ०.२५ येतो, आणि जिप्समचा, म्हणजे त्यांतून बनणाऱ्या कॅल्शियम सल्फेटचा, विद्राव्यता गुणाकार सुमारे ३ × १०⁻⁵ आहे; याच्या वर गेले की साका बसतो. म्हणजे मर्यादा आठ हजार पटींनी ओलांडली गेली. द्रावण थोड्याच वेळात दुधाळ झाले आणि मग तळाशी पांढरा साका बसू लागला. पेला उजेडात धरून हलवला, तर त्यातील बारीक सुयांसारखे स्फटिक चमकताना दिसतात. हिशेबाने असा साका साधारण ८ ग्रॅम भरतो. वरच्या निवळीत कॅल्शियम आणि सल्फेट नाममात्र उरतात. नायट्रेट मात्र अभिक्रियेत भागच घेत नसल्याने २.२ चे निम्मे, १.१ मोलर, तसेच राहते. मॅग्नेशियम ०.५ ची दुप्पट अधिक अमोनियम ०.१, येथेही प्रभाराचा ताळा बसतो.

हीच दोन द्रावणे बादलीत मात्र निमूटपणे एकत्र नांदतात. तेथे कॅल्शियम ०.००२५ आणि सल्फेट ०.००१ मोलर असल्याने गुणाकार २.५ × १०⁻⁶ येतो, म्हणजे मर्यादेच्या दहाव्या भागाहूनही कमी. त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे: बादलीत आधी नऊ लिटरच्या वर पाणी घ्यावे, एक द्रावण घालून नीट ढवळावे आणि मगच दुसरे घालावे. विद्राव्यता गुणाकाराचा असा साधा वापर विरल द्रावणातच भरवशाचा असतो. साठ्यासारख्या संहत द्रावणात इतर आयनांच्या गर्दीमुळे जिप्सम थोडे अधिक विरघळते, परंतु आठ हजार पटींपुढे त्या फरकाने काही वाचत नाही.

पाण्याचाही हिशेब धरावा लागतो. आमच्या बोअरच्या पाण्याचा कठीणपणा चाचणी संचावर कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने लिटरला ३०० मिलिग्रॅम येतो, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून ३ मिलिमोल. त्याचे चार लिटर आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे सहा लिटर एकत्र केल्यावर लिटरला १२० मिलिग्रॅम, म्हणजे १.२ मिलिमोल मिळतात. हा वाटा खतातील २.५ वर अधिक पडतो. तो सगळा कॅल्शियमच मानला, तरी गुणाकार ३.७ × १०⁻⁶ च्या पुढे जात नाही.

द्रावणाची विद्युतवाहकता मोजणारा ईसी मीटर एकूण आयनांचा अंदाज देतो, नायट्रेट किती हे सांगत नाही. त्यासाठी मी चाचणीपट्टी वापरतो. आठ मिलिमोल म्हणजे लिटरला सुमारे ४९६ मिलिग्रॅम नायट्रेट, आणि माझ्या पट्टीवरील शेवटचा रंग २५० चा आहे. म्हणून ५ मिलिलिटर नमुन्यात ४५ मिलिलिटर पावसाचे पाणी घालून दहापट विरलन करतो. त्याच नमुन्यात ५० मिलिलिटर पाणी घातले, तर विरलन अकरापट होते. पट्टीचा रंग ५० च्या चौकोनाशी जुळला. अर्थात २५, ५० आणि १०० अशा रंगांमध्ये ७.५ आणि ८ यांतील फरक दिसणे शक्य नाही. तो फरक वजनकाट्यावर आणि पिशवीवरील टक्केवारीवरच ठरतो.