पहाटे दोनचं फुकट

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ कायम सहा मिनिटं पुढे असायचं. बाबांची पीएमटीची बस चुकू नये म्हणून कधीतरी पुढे केलेलं, ते तसंच राहिलं. त्या सहा मिनिटांचे 576 रुपये पडतील असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

तेव्हा सदाशिव पेठेत नवीनच ब्रॉडबँड आलं होतं. वेग 256 केबीपीएस, महिन्याला 1 जीबी, त्यापुढे प्रत्येक एमबीला 90 पैसे. पण रात्री 2 ते सकाळी 8 कितीही वापरा, मोजणार नाही. माझ्यासारख्या पेठेतल्या मुलाला हे ऐकून झोप लागणं कठीणच होतं.

हिशोब सोपा होता. 256 केबीपीएस म्हणजे सेकंदाला 32 केबी, तासाला 115 एमबी, सहा तासांत जेमतेम 690. आणि लिनक्सची सीडी असायची 700 एमबीची! म्हणजे एक अख्खी रात्र सगळं सुरळीत चाललं तरी शेवटचे दहा एमबी उरायचेच. त्यामुळे अर्धवट फाइल पुढच्या रात्री तिथूनच उतरवणारा डाउनलोड मॅनेजर हवाच.

पहिल्या रात्री गजर लावून उठलो. घड्याळात दोन वाजले, मोडेम चालू केला, फाइल लावली आणि झोपलो. पावणेआठला पेपरवाल्याने पेपर फेकला त्या आवाजाने जाग आली, तेव्हा मोडेम बंद केला. 640 एमबी उतरले होते. बिल आलं तेव्हा ते सगळे 640 दिवसाच्या वापरात, आणि 1 जीबी आधीच संपलेला.

बाबा बिल घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "हे फुकटचं बिल आहे का?"

कंपनीच्या साइटवर वापराचा तपशील असायचा: प्रत्येक जोडणी कधी सुरू झाली, कधी तुटली, एकूण किती एमबी. माझी सुरुवात होती 1 वाजून 54 मिनिटांची. त्यांचं घड्याळ बरोबर होतं, आमचं पुढे. सहा मिनिटांत जास्तीत जास्त साडेअकरा एमबी गेले असतील, म्हणजे दहा रुपयांचा माल. पैसे मात्र सगळ्या रात्रीचे.

याचं कारण कळायला मला कंपनीच्या ऑफिसात दोन खेपा घालाव्या लागल्या. मोडेम जोडला गेला की हिशोबाच्या सर्व्हरवर 'सुरू'ची नोंद होते, तुटला की 'बंद'ची, आणि एकूण एमबी त्या शेवटच्या नोंदीत येतात. मधे दर काही मिनिटांनी नोंद येत नसेल, तर दोनच्या आधी किती आणि नंतर किती हे त्या यंत्रणेला सांगताच येत नाही. मग एक नियम लावतात, आणि इथे तो सुरुवातीच्या वेळेचा होता. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "दोन वाजता नाही हो, दोन वाजून गेल्यावर. आणि आठच्या आधी तोडा." छापील पत्रकात हे कुठेच नव्हतं.

आणखी एक मेख होती. मोडेम राउटर मोडवर असेल तर तो स्वतःच लॉगिन करून बसतो. संगणक बंद केला तरी जोडणी तुटत नाही, आदल्या संध्याकाळची एकच जोडणी रात्रभर लांबते आणि पहाटेचं डाउनलोड तिच्या खात्यात पडतं. म्हणून मी मोडेम ब्रिज मोडवर टाकला, म्हणजे लॉगिन संगणकच करणार. मग विंडोजच्या वेळापत्रकात `rasdial` ही आज्ञा लावली: 2:10 ला जोडायचं, 7:50 ला `/disconnect`. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घेतलं. रात्रीच्या वीस मिनिटांवर पाणी सोडलं, पण त्यानंतर एकही एमबी दिवसात गेला नाही. पहिल्या रात्री एक छोटी फाइल उतरवून दुसऱ्या दिवशी ती कुठल्या रकान्यात पडते ते पाहिलं असतं, तर हे सगळं फुकटात कळलं असतं.

परवा भाचा फुशारकी मारत होता, त्याच्या मोबाइलच्या प्लॅनमध्ये 12 ते 6 फुकट आहे म्हणून. मी विचारलं, "पावणेबाराला चालू केलेलं बारानंतर कुठे मोजतात?" त्याला प्रश्नच कळेना. बरोबर आहे. मोबाइलच्या हिशोबात दर बदलण्याची वेळ आधीच सांगून ठेवायची सोय असते, त्यामुळे चालू जोडणीतही बाराच्या अलीकडचं आणि पलीकडचं वेगळं मोजता येतं. तरी एकदा बाराला पाच कमी असताना शिल्लक डेटा लिहून ठेव, साडेबाराला एक मोठी फाइल उतरव आणि पुन्हा बघ, म्हटलं. फक्त रोजचा कोटा बाराला नव्याने सुरू होत असेल, तर पहिली नोंद बारानंतरच कर, नाहीतर दोन आकड्यांचा मेळ बसायचा नाही.

त्या बिलानंतर मी बाबांना म्हटलं होतं, घड्याळ तरी बरोबर लावूया. ते म्हणाले, "बस सात चाळीसचीच आहे. तू उशिरा ऊठ."