मलम की सपोझिटरी? दुखतंय कुठे, त्यावर ठरतं

"मूळव्याधीला मलम चांगलं की ती आत घालायची गोळी? आणि ती घालायची कशी?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. म्हापशाला औषधाच्या दुकानात उभी असते, आणि हा प्रश्न लोक दुकान रिकामं होईपर्यंत थांबून, आवाज उतरवून विचारतात. मी आधी उलट विचारते: शौचाला गेल्यावर मोड हाताला लागतो का? की काही लागत नाही, दुखतही नाही, नुसतं रक्त पडतं?

आतल्या मूळव्याधीचे मोड गुदमार्गाच्या वरच्या भागात असतात. तिथे वेदना कळवणाऱ्या नसा नाहीत, म्हणून रक्त पडतं पण सहसा दुखत नाही. बाहेरचे मोड कातडीखाली असतात. ते खाजतात, ठणकतात, धुताना बोटाला लागतात. सपोझिटरी आत गेली की अंगाच्या उबेने वितळते आणि तिचं औषध वरच्या भागात पसरतं. बाहेरच्या मोडापर्यंत ते फारसं पोचत नाही. तिथे मलमच हवं.

शुक्रवारच्या बाजाराला पेडण्याहून येणाऱ्या एका मावशींचं असंच झालं होतं. "बाय, गोळी घातली की परत बाहेर येते, आणि खाज काही जात नाही." विचारल्यावर दोन गोष्टी कळल्या. मोड बाहेरचा होता, म्हणजे औषधच चुकीच्या जागी जात होतं. आणि गोळी त्या बसून, जेमतेम तोंडाशी ठेवत होत्या. गोळी गुदद्वाराच्या आवळणाऱ्या स्नायूच्या पलीकडे जातच नव्हती, म्हणून तो तिला बाहेर ढकलत होता.

आतला त्रास असेल आणि सपोझिटरीच दिलेली असेल, तर ती अशी घाला. आधी शौचाला जाऊन या, जागा धुऊन कोरडी करा, हात धुवा. वेष्टन पूर्ण काढा. हे सांगावं लागतं, कारण काही जण ते तसंच आत घालतात आणि कडा टोचून जखम होते. डाव्या कुशीवर झोपा, वरचा गुडघा पोटाकडे घ्या. टोक पाण्याने किंचित ओलं करा, श्वास सोडताना बोटाने हळू आत सरकवा. सुमारे एक इंच आत गेली की स्नायूचं आवळणं मागे पडल्याचं बोटाला जाणवतं. तिथेच थांबा, आणखी वर ढकलू नका. कुल्ले मिनिटभर आवळून धरा, मग पंधरा मिनिटं पडून राहा. म्हणूनच रात्री झोपतानाची वेळ उत्तम. चिकट काहीतरी बाहेर येतं, त्यासाठी आतल्या कपड्यात पॅड ठेवा.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत गोळी वेष्टनातच मऊ पडते. दाबल्यावर वाकत असेल तर वेष्टनासकट थोडा वेळ गार पाण्यात ठेवा. पूर्ण वितळून पुन्हा गोठलेली वापरू नका, त्यात औषध एका बाजूला साचलेलं असू शकतं. फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको.

आणि पाकिटावरचं नाव वाचा. ग्लिसरीनची सपोझिटरी शौच व्हावी म्हणून असते, मूळव्याधीच्या मोडावर ते औषध नाही.

मावशींना मी नळीचं मलम दिलं. बाहेरच्या मोडाला बोटाने पातळ थर लावला की पुरे. थोडं आतही दुखत असेल तर ट्यूबला ती भोकांची नळी जोडायची, दाबून मलम भोकांतून बाहेर येऊ द्यायचं, नळीच्या बाहेरूनही लावायचं. मग हळू आत घालून, काढता काढता दाबायचं, म्हणजे मलम संपूर्ण वाटेत पसरतं. सपोझिटरी ही वाट ओलांडून पुढे जाते. नळी साबणाने धुऊन ठेवायची. मलमात स्टेरॉइड असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आठवड्याहून जास्त लावू नये, तिथली कातडी पातळ होते.

पुढच्या बाजारापर्यंत त्यांची खाज गेली, मोड मात्र तसाच होता. मलम असो की सपोझिटरी, दोन्ही सूज, खाज आणि दुखणं कमी करतात. कुंथणं चालू राहिलं तर मोड पुन्हा सुजतो.

शौचाच्या वेळी काच चिरल्यासारखी कळ येऊन नंतर तासभर दुखत राहिलं, तर बहुधा ती चीर असते. तिथे नळी किंवा गोळी घालायचा हट्ट करू नका, चिरेचं वेगळं मलम डॉक्टर लिहून देतात. निळसर, कडक गाठ अचानक येऊन बसणंही अशक्य झालं, तर पहिल्या तीन दिवसांतच सर्जनना दाखवा. आणि रक्त काळपट असेल, शौचात मिसळून येत असेल, वजन उतरत असेल किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसलं असेल, तर माझ्याकडून काही नेण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.