शुक्रवारचा १.९

आमच्या वॉर्डात मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. रोज राउंडच्या आधी केस पेपर घेऊन बसायचं, कुठलं औषध कुठल्या औषधाला मारतंय किंवा फुगवतंय ते शोधायचं आणि डॉक्टरांना सांगायचं, हे माझं काम. ही केस होऊन चार महिने झाले, पण त्यातला एक शुक्रवार अजून डोक्यातून जात नाही.

पेशंट मराठवाड्यातले, वय ४४, वजन ४८ किलो. तीन वर्षांपूर्वी किडनी बदललेली, तेव्हापासून शरीराने ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस चालू. महिनाभर ताप, खोकला, दोनदा थुंकीतून रक्त. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात गाठी आणि एका गाठीभोवती धुरकट वलय. दुर्बीण घालून काढलेल्या पाण्यात बुरशीची खूण असलेलं गॅलॅक्टोमॅनन भरपूर आलं आणि पुढे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली. बुरशी मारणारं व्होरिकोनॅझोल सुरू करायचं ठरलं.

किडनी थकली की वाढणारं क्रिएटिनिन १.८ होतं. व्होरीच्या इंजेक्शनमध्ये औषध विरघळवणारा जो पदार्थ असतो तो कमजोर किडनीत साचतो, म्हणून मी गोळ्याच सुचवल्या. पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, मग २०० दोनदा, जेवणापासून तासभर लांब. व्होरी यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स अडवतं, त्यामुळे टॅक्रो रक्तात चढतं. म्हणून टॅक्रोचा डोस सुरुवातीलाच एक तृतीयांश केला, दीड मिलिग्रॅमवरून अर्धा मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे.

पाचव्या दिवशी सकाळच्या गोळीच्या आधी रक्त घेतलं. व्होरीची ही तळाची पातळी साधारण १ ते ५.५ मायक्रोग्रॅममध्ये हवी. रिपोर्ट आला : सापडण्याइतकंही औषध नाही. टॅक्रो तर भरतीच्या वेळीच कमी, २.४ होतं, तेव्हा रेसिडेंटने केस पेपरवर ‘गोळ्या चुकवतो’ असं लिहून टाकलं होतं. आता तेही दोनच्या खाली. टॅक्रोचा डोस पुन्हा दीडवर नेला. व्होरी ३०० दोनदा करा, हे मी सांगितलं.

ते सांगताना मनात खटकत होतं. डोस कमी केलाय म्हणून टॅक्रो खाली गेलं हे पटण्यासारखं, पण शेजारी व्होरी असताना ते सावरायला हवं होतं. आणि व्होरी दिसतच नाही, हे जेवणासोबत गोळी घेतल्यानेसुद्धा होत नाही. जेवणाने पाव-तृतीयांश कमी होईल, शून्य होणार नाही. दोन्ही औषधं एकाच यकृतातून जातात आणि दोन्ही गायब आहेत, म्हणजे तिसरं काहीतरी त्यांना जाळतंय. केस पेपर तीनदा वाचला. त्यात काहीच नव्हतं.

सापडलं ते कॉटखालच्या लघवीच्या भांड्यात. लघवी नारिंगी होती, गर्द. मी त्यांच्या पत्नीला विचारलं, “ताई, घरून आणलेल्या काही गोळ्या देता का?”

त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत लालसर गोळ्यांची पाकिटं. “ह्या टीबीच्या हायेत, मॅडम. सरकारी दवाखान्यातल्या. रोज सकाळी तीन, उपाशीपोटी. एक बी दिवस चुकवला न्हाई.”

“आम्हाला सांगितलं का नाही?”

“तुम्ही किडनीची औषधं इचारली. ती सांगितली की.”

गावाकडे एक्स-रेवरचा डाग बघून टीबी धरला होता. त्या गोळीत रिफाम्पिसिन असतं, लघवी नारिंगी करणारं. ते यकृताला ही एन्झाइम्स जास्त बनवायला लावतं आणि त्याच्यासोबत व्होरीचा एकूण परिणाम नव्वद टक्क्यांहून अधिक घटतो. डोस वाढवून ती भरपाई होत नाही, म्हणून ही जोडीच निषिद्ध आहे. ज्या माणसावर आम्ही गोळ्या चुकवल्याचा शेरा मारला, त्याची बायको एकूण एक गोळी हातावर ठेवत होती. तो शेरा मी खोडायला लावला. ‘अजून कुठली औषधं’ हा प्रश्न भरतीच्या वेळी एका दमात विचारून पुढे जायची सवय मात्र आमच्याकडे सगळ्यांना आहे, मलाही.

थुंकीत आणि दुर्बिणीच्या नमुन्यात टीबीचा जंतू नव्हता, टीबीची जीनएक्स्पर्ट तपासणीही निगेटिव्ह. छातीच्या डॉक्टरांनी टीबीची औषधं थांबवली आणि गावच्या केंद्राला कळवलं. पण रिफाम्पिसिन थांबलं तरी वाढलेली एन्झाइम्स ओसरायला दोनेक आठवडे लागतात. तेवढे दिवस बुरशीला मोकळं रान देता येईना, म्हणून लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन दिलं, रोज सलाइन आणि पोटॅशियम सांभाळत, किडनीसाठी जीव मुठीत धरून. व्होरी ३०० चालूच ठेवलं.

व्होरीचा नमुना आमच्याकडून बाहेर जातो, रिपोर्टला दोन दिवस लागतात. रिफाम्पिसिन थांबल्यावर सहाव्या दिवसाचा नमुना ०.५. बुधवारी, दहाव्या दिवशी घेतलेल्याचा रिपोर्ट शुक्रवारी आला : १.९. राउंडला सगळ्यांचे चेहरे उजळले. अ‍ॅम्फोटेरिसिन बंद झालं. टॅक्रो सोमवारी ३.६ होतं, शुक्रवारी ८.१. थोडं जास्त आहे, सोमवारी परत बघू, असं ठरलं. मीही मान डोलावली.

खरं तर १.९ हा आकडा बुधवारचा होता, आणि तोही वर चढत असलेल्या पातळीचा. चार दिवसांत टॅक्रो दुपटीहून वर गेलं, म्हणजे एन्झाइम्स ओसरत होती आणि व्होरीचा अडथळा जोर धरत होता. त्यात व्होरीचा निचरा एका मर्यादेनंतर तुंबतो. मग डोस तोच असला तरी पातळी उडी मारते. हे सगळं मला माहीत होतं. रिपोर्टवर ‘योग्य मर्यादेत’ छापलेलं होतं आणि मी तेवढंच वाचलं.

रविवारी रात्री त्यांना भिंतीवर रंगीत जाळ्या दिसू लागल्या. मग वारलेले वडील पायथ्याशी येऊन बसले. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी वॉर्डातला भ्रम समजून हॅलोपेरिडॉल दिलं. व्होरी आणि हॅलोपेरिडॉल दोन्ही ईसीजीतला क्यूटी लांबवतात आणि तो फार लांबला तर ठोके बिघडतात, हे सोमवारी सकाळी मी बघितलं तेव्हा हातपाय गार पडले. ईसीजी काढला, क्यूटी लांबला होता, सुदैवाने ठोके नियमित होते. त्यांचे हात थरथरत होते. टॅक्रो २३, क्रिएटिनिन ३.१. त्या सकाळच्या नमुन्यातलं व्होरी नंतर कळलं : ७.४.

व्होरी आणि टॅक्रो, दोन्ही औषधं रिपोर्टची वाट न बघता थांबवली. दोन दिवसांत वडील दिसायचे बंद झाले. व्होरी २०० वर परत सुरू केलं, टॅक्रो अर्धा मिलिग्रॅम दिवसातून एकदाच, आणि पातळी स्थिर होईपर्यंत एक दिवसाआड रक्त. व्होरी २.६ वर टिकलं.

शुक्रवारीच डोस उतरवला असता तर? पण अ‍ॅम्फोटेरिसिन त्याच दिवशी थांबलं होतं. एन्झाइम्स माझ्या अंदाजापेक्षा हळू ओसरली असती, तर बुरशीसमोर तो माणूस औषधाविना उभा राहिला असता. वरिष्ठ डॉक्टर म्हणतात, तू ठीकच केलंस. मला वाटतं डोस तोच ठेवणं चालण्यासारखं होतं. शनिवारी रक्त न घेणं चालण्यासारखं नव्हतं. शनिवारचं टॅक्रो तरी आमच्याच लॅबमध्ये संध्याकाळपर्यंत कळलं असतं.

गेल्या आठवड्यात ते दोघं ओपीडीत आले होते. गाठी आक्रसल्यात, खोकला नाही. ताईंनी न विचारताच डबा उघडून टेबलावर ओतला, त्यात शेजारणीने दिलेली सर्दीची गोळीसुद्धा होती. एकेक पाकीट उलटून बघितलं. क्रिएटिनिन २.१ आहे. भरतीच्या दिवशी १.८ होतं.