रात्री एकचा फोन आणि संवादाच्या चार पायऱ्या

आम्ही तिघी घणसोलीत एका टू-बीएचकेमध्ये भाड्याने राहतो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, सकाळची पाळी असते, म्हणून पहाटे पाचला उठते. एका रूममेटचं ऑफिस ऐरोलीत. तिची शिफ्ट दुपारी सुरू होते आणि कॅब तिला रात्री एकच्या सुमारास घरी सोडते. आली की ती जेवण गरम करते आणि हॉलमध्ये बसून स्पीकरवर फोन लावते. माझी खोली हॉलला लागूनच आहे. यावरून आमचं इतकं वाजलं की निरोपसुद्धा तिसरीमार्फत जाऊ लागले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांनी १९६०च्या दशकापासून अहिंसक संवादाची पद्धत घडवली. निरीक्षण, भावना, गरज आणि विनंती या तिच्या चार पायऱ्या. रूममेटशी बोलण्याआधी मी त्या पायऱ्या वहीत लिहून पाहिल्या.

निरीक्षण म्हणजे कॅमेऱ्यात जे दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच. "तू नेहमी मध्यरात्री गोंधळ घालतेस" यातलं 'नेहमी' आणि 'गोंधळ' दोन्ही माझे शेरे. ते काढल्यावर उरलं ते असं: "सोमवारी आणि बुधवारी रात्री एकनंतर हॉलमध्ये स्पीकरवर फोन चालू होता, मी जागी झाले आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही." याला "खोटं आहे" असं कोणी म्हणू शकत नाही. 'नेहमी' म्हटलं असतं, तर तिने लगेच न बोललेल्या रात्री मोजून दाखवल्या असत्या.

सगळ्यात जास्त वेळ भावनेला लागला. "मला गृहीत धरलं जातंय" असं मी लिहिलं. पण ही भावना नाही, समोरच्याने काय केलं त्याचा तो आरोप आहे. ओळखायची खूण सोपी आहे: वाक्य पूर्ण होण्यासाठी कोणीतरी काहीतरी करणारा लागत असेल, तर ते मत असतं. तो करणारा बाजूला काढला आणि खाली थकवा, चिडचिड आणि धास्ती सापडली. झोप अपुरी झाली की रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावताना एकाचं नाव दुसऱ्याच्या नळीवर जाईल, ही ती धास्ती. महिनाभर भांडूनही हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं, आणि माझ्या मते पुढचं सगळं याच एका वाक्याने वळलं.

गरजेच्या जागी "तिने फोन बंद करावा" असं येत होतं. तो तर गरज भागवायचा एक मार्ग झाला. गरज होती सलग झोपेची, आणि त्यात तिचं नाव यायचं कारणच नाही.

रविवारी दुपारी, दोघींची झोप झालेली असताना बोललो. रात्री एकला ही पद्धत चालत नाही, कारण तेव्हा ऐकून घ्यायचं त्राणच कोणात नसतं. पायऱ्यांची नावं न घेता मी साध्या बोलण्यात सगळं सांगितलं आणि विचारलं, "रात्रीचा फोन तू तुझ्या खोलीत बसून करशील का?"

ती म्हणाली, "नाही गं, ते नाही जमणार."

विनंती आणि हुकूम यांतला फरक इथेच कळतो. 'नाही' ऐकल्यावर टोमणा किंवा अबोला आला, तर आधीचं गोड वाक्यही हुकूमच होतं. माझ्या तोंडावर टोमणा आला होता. तो गिळून मी विचारलं, "तुला काय अडचण येते?"

"अगं, आई जागी असते. मी पोचल्याचं ऐकल्याशिवाय ती अंग टाकत नाही. माझ्या खोलीत रेंज येत नाही, आणि जेवताना हात खरकटा असतो म्हणून स्पीकर."

मी म्हटलं, "म्हणजे आईचा जीव भांड्यात पडावा, आणि दिवसभरात तुलाही घरच्या कोणाशी बोलता यावं, असंच ना?" ती "हो" म्हणाली, आणि त्यानंतर पहिल्यांदाच तिने माझ्या लॅबमधल्या नळ्यांबद्दल विचारलं.

पुढचं भराभर झालं. राउटर माझ्या खोलीतून पॅसेजमध्ये आणला आणि तिच्या मोबाइलमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू केलं. तिचा हँडसेट आणि सिमकंपनी दोन्हीकडे ती सोय होती, नाहीतर व्हॉट्सॲप कॉल करायचं ठरलं होतं. आता ती हॉलमध्ये जेवते तेव्हा इअरफोन लावते आणि लांबलचक गप्पा खोलीत मारते.

समोरची व्यक्ती मुद्दाम त्रास देत असेल किंवा तिची भीती वाटत असेल, तर मी अशी एकटीने बोलायला बसणार नाही, घरमालकाला मध्ये घेईन. भाड्याच्या थकबाकीलाही लेखी हिशेबच हवा. आमच्याकडे सिंकमधल्या भांड्यांचा वाद अजून बाकी आहे. त्यात तिसरीही आहे, म्हणून येत्या रविवारी तिघींनी बसायचं ठरलंय.