इवलासा देव्हारा आणि पंचेचाळीस सेंटिमीटर

तुम्ही विचारलंत: “छोटासा, इवलासा, नाजूक, कॉम्पॅक्ट, सगळ्यांचा अर्थ लहानच ना? मग कवितेत शोभणारा शब्द वस्तूच्या मापांच्या मजकुरात का चालत नाही?”

ते दोन्हीकडे वेगवेगळं काम करतात. मापांच्या मजकुरात लहानपणाच्या शब्दाने दोन गोष्टी सांगायला हव्यात: कुठल्या बाजूने लहान, आणि कशाच्या मानाने लहान. कवितेत या दोन्ही चौकश्या कुणी करत नाही. तिथे त्या शब्दाला जवळपास काहीतरी मोठं लागतं, ज्याच्याशी त्याची गाठ पडेल. फ्लॅटमधल्या भिंतीवर लावायचा लाकडी देव्हारा घेऊन बघू.

समजा मजकूर असा आला: “नाजूक, कॉम्पॅक्ट, छोटासा देव्हारा. ४५ × ३० × ६० सेमी.” यातला “नाजूक” आधी काढायचा. लिहिणाऱ्याच्या मनात बारीक कोरीवकाम असतं, पण विकत घेणारा त्यातून “वजन पेलणार नाही” असं वाचतो. भिंतीला स्क्रूवर टांगायच्या, आत पितळी मूर्ती ठेवायच्या वस्तूला हा शब्द थेट मारक आहे. कोरीवकाम सांगायचं तर “बारीक जाळीकाम” म्हणावं, म्हणजे बारीकपणा जाळीचा राहतो आणि देव्हारा भक्कम राहतो.

आता मापं. तीन आकडे आहेत, पण कुठला कशाचा ते लिहिलेलं नाही. टेबलाला लांबी-रुंदी-उंची ठीक आहे. भिंतीवरच्या वस्तूला “लांबी” म्हटलं की कुणी ती डावीकडून उजवीकडे मोजतो, कुणी वरून खाली. म्हणून रुंदी, भिंतीपासून पुढे येणारी खोली आणि उंची अशी नावं प्रत्येक आकड्यासोबत हवीत. तरीही हे सगळं बाहेरचं माप झालं. घेणाऱ्याला मूर्ती आत ठेवायची असते. शिखर १० सेमी, खालचा खण ८ सेमी आणि १८ मिमी प्लायच्या आडव्या तीन फळ्या मिळून ५.४ सेमी. साठातून हे वजा केलं की मूर्तीसाठी ३६.६ सेमी उरतात. रुंदीतही दोन बाजूंच्या फळ्या गेल्या की ४१.४ राहतात. चाळीस सेमी उंचीची विठ्ठलाची मूर्ती असलेलं घर “उंची ६० सेमी” वाचून हा देव्हारा मागवतं आणि परत पाठवतं. चूक “छोटासा” या शब्दाची वाटते, खरी चूक कुठल्या जागेचं माप दिलं याची असते.

“कॉम्पॅक्ट”साठी मराठीत “आटोपशीर” आणि “सुटसुटीत” असे दोन चांगले शब्द आहेत. (“संक्षिप्त” नको, तो मजकुरासाठी.) पण आटोपशीर हा दावा आहे आणि तो तपासता येतो. या देव्हाऱ्याला बाहेरून बसणारी दोन दारं आहेत, प्रत्येक साडेबावीस सेमी रुंद. ती काटकोनात उघडली की भिंतीपासून पुढे आलेला पसारा तीसचा साडेबावन्न सेमी होतो. दीड हात रुंदीच्या बोळकांडीत तो आटोपशीर राहत नाही. सरकती दारं असती किंवा दारं नसतीच, तर शब्द खरा ठरला असता. म्हणून मजकूर असा होईल: “भिंतीवर लावायचा देव्हारा. बाहेरून रुंदी ४५, खोली ३०, शिखरासह उंची ६० सेमी. आत मूर्तीसाठी उंची ३६, रुंदी ४१ सेमी. दारं उघडल्यावर भिंतीपासून ५३ सेमी जागा लागते.” यात लहानपणाचा एकही शब्द नाही आणि हा देव्हारा केवढा ते आता नेमकं कळतं. आतली मापं मुद्दाम खालच्या पूर्ण आकड्यावर आणली आहेत. ती वर नेली तर मूर्ती अडते.

मराठीत प्रत्येक बाजूच्या लहानपणाला स्वतंत्र शब्द आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. लांबीला आखूड, रुंदीला अरुंद, उंचीला ठेंगणा, जाडीला पातळ, खोलीला उथळ. मापांच्या मजकुराला हे शब्द अगदी हवेत असे वाटतात, पण अडचण अशी की यातले बरेचसे तक्रारीच्या सुरात येतात: आखूड बाही, अरुंद जिना. उपाय म्हणजे बाजूचं नाव ठेवावं आणि विशेषण सौम्य करावं: “कमी खोलीचा”, “कमी उंचीचा”. कधी नामच काम करून जातं. डबा आणि डबी, सुरा आणि सुरी, लोटा आणि लोटी यांत आकार लिंगातच शिरलेला आहे. कुंकवाच्या डबीला “छोटीशी” लावायची गरज नसते. तिथे व्यासाचा आकडा द्यावा.

आता तोच देव्हारा अष्टाक्षरीत ठेवू:

इवलासा हा देव्हारा, एक वात त्याच्यापुढे
उजेड मात्र वातीचा आढ्याला जाऊन भिडे

“इवलासा”च्या जागी दुसरे शब्द घालून बघा. “लहानसा हा देव्हारा” आठ अक्षरं. “चिमुकला हा देव्हारा” आठच. “आटोपशीर देव्हारा” हेसुद्धा बरोबर आठ. म्हणजे छंद कुणालाच अडवत नाही, निवड अर्थावर करायची आहे. “लहानसा” नुसती माहिती देतो. “चिमुकला” आला की भातुकली येते, देव्हारा खेळण्यातला होतो आणि पुढचा उजेड खोटा वाटतो. “आटोपशीर” सर्वांत वाईट, कारण तो सगळं मर्यादेत बसवल्याची ग्वाही देतो. बसवलेल्या वस्तूतून काही ओसंडत नाही, मग आढ्यापर्यंत उजेड कुठून जाणार? “इवलासा”त माया आहे, शिवाय मर्यादा आखलेली नाही. आणि त्याला आढं भेटतं. आढं काढून “उजेड मात्र वातीचा देवाच्या मुखावर पडे” केलं तर एक अक्षर जास्त होतं ते वेगळंच, पण इवलासाही निस्तेज पडतो. जुन्या ओळींत हेच दिसतं: इवलेसे रोप आहे तिथे वेलु गगनावरी जातो, “अणुरेणिया थोकडा” म्हटलं की लगेच “आकाशाएवढा” येतं.

“वीतभर” बाबतही असंच. जुन्या हिशेबाने वीत म्हणजे नऊ इंच, पण प्रत्येकाची वीत वेगळी. कवितेत वाचणारा आपलाच हात मनात पसरतो, तोच तिचा फायदा. मजकुरात तोच तोटा.

इंग्रजी यादीवरून मराठी करताना दोन शब्द हमखास फसतात. कपड्यांतला “पेटीट” हा बारीक अंगाच्या बाईसाठी नसतो; साधारण ५ फूट ४ इंचांपर्यंतच्या उंचीला बाही, खांदा ते कंबर आणि पायाची लांबी कमी करून शिवलेला तो वर्ग आहे. “नाजूक बांधा” लिहिलं तर मापच चुकतं, “ठेंगण्या स्त्रियांसाठी” लिहिलं तर अपमान होतो. “१६२ सेमीपर्यंत उंचीसाठी” इतकं लिहावं. दुसरा “मिनस्क्यूल”. त्याला “सूक्ष्म” केलं की डोळ्यांना न दिसणारं असा अर्थ लागतो. कानातल्या खड्याला २ मिमी म्हणावं. सूक्ष्म जंतू असतात.

आणि “इवलासा” मजकुरात कधीच येऊ नये असंही नाही. बाळाच्या वाळ्यांना, भातुकलीच्या चुलीला तो शीर्षकात शोभतो, कारण घेणारा त्या मायेसाठीच घेत असतो. फक्त त्याच ओळीत वाळ्याचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये असावा, कारण वाळा बाळाच्या पायात गेला पाहिजे.