‘ऐकत नाही’ एवढंच लिहिलं म्हणून फॉर्म परत आला

भोसरी एमआयडीसीतल्या एका टूल रूममध्ये मी मशीन शॉप सांभाळतो. गेल्या वर्षी आमच्याकडे एक पोरगा ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागला. प्रोग्रॅमिंगमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बाकीच्यांना दोन दिवस लागायचे तो साच्याच्या कोअर-कॅव्हिटीचा प्रोग्रॅम हा एका दिवसात उतरवायचा, आणि मशीनवर तो पहिल्या फटक्यात चालायचा. पण व्हीएमसी या कटिंगच्या मशीनवर तीस वर्षं काढलेल्या आमच्या काकांनी काही सांगितलं की हा मान न वळवता स्क्रीनकडे बघत म्हणायचा, “काका, ते तुमच्या वेळचं.” ऐकणाऱ्यालाच खाली बघावंसं वाटायचं.

सुरुवातीला मी दोन चुका केल्या. एकदा सगळ्यांसमोर झापलं, तर आठवडाभर तो माझ्याशीही मोजकंच बोलला. नंतर त्याला काकांच्या हाताखाली दिलं, तेव्हा काकाच येऊन म्हणाले, “साहेब, याला दुसरीकडे द्या, माझं बीपी वाढतंय.” यात महिने गेले. प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं. ते तीन महिन्यांनी वाढवून त्याला लेखी समज द्यावी असं ठरवून मी एचआरकडे गेलो. तिथे मी जो अडकलो तो सात आठवडे.

त्यांचा एक फॉर्म असतो. मी लिहिलं, ‘वरिष्ठांचं ऐकत नाही, वर्तन उद्धट आहे.’ नऊ दिवसांनी फॉर्म परत आला. शेरा होता: हे मत आहे, घटना लिहा. कोणत्या तारखेला, कोणी, काय सांगितलं, त्याने काय केलं, परिणाम काय झाला. मी तीन प्रसंग आठवून एका परिच्छेदात लिहून दिले. तोही परत आला, कारण त्याखाली त्या मुलाची सही नव्हती. त्याला न दाखवता त्याच्याविरुद्ध नोंद करता येत नाही म्हणे. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? तिसऱ्यांदा दिला तेव्हा सही करणारे साहेब रजेवर. आमच्या नियुक्तिपत्राप्रमाणे प्रोबेशन वाढवायचं असेल तर मुदत संपायच्या आत कळवावं लागतं. मी रोज दुपारी त्या टेबलापुढे उभा राहायचो, आणि रोज “उद्या बघू” ऐकून परत यायचो. कुणावर कारवाई करायची तर पुरावा हवा, हे मला मान्य आहे. पण फॉर्म टेबलावर पडून राहण्यात कोणता नियम पाळला जात होता, ते मला अजून कळलेलं नाही.

कुणाला या वाटेने जायचं असेल तर पहिल्या महिन्यापासून वही ठेवा. मी ती तिसऱ्या फॉर्मसाठी, म्हणजे फार उशिरा घातली. शिफ्टची नोंदवही आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट समोर ठेवून मागच्या तारखा जुळवल्या, तेव्हा आठ प्रसंग मिळाले. आणि ते लिहिता लिहिता मला एक दिसलं ते आधी दिसलंच नव्हतं. आठातल्या तीन वेळा पोराचं बरोबर होतं.

त्यातला एक प्रसंग सांगतो. बारा मिलिमीटरचा चार दातांचा कार्बाइड कटर, ३००० आरपीएम. याने फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला ६०० मिलिमीटर ठेवलेला, म्हणजे दातामागे ०.०५ मिलिमीटर. काका म्हणाले, “स्टील कडक आहे, २०० वर आण.” तसं केलं तर दातामागे जेमतेम ०.०१७ उरतं. तेवढ्यात कार्बाइडचा दात कापत नाही, घासतो, आणि टूल लवकर मरतं. काकांचा हात एचएसएसच्या, म्हणजे हायस्पीड स्टीलच्या जुन्या कटरच्या काळात बसलेला होता. पोरगा खरंच बरोबर होता, फक्त त्याने ते ज्या तोऱ्यात सांगितलं त्यापुढे त्याचं बरोबर असणं कुणाला दिसलंच नाही. मलाही नाही.

उरलेल्या पाच प्रसंगांत मात्र काका बरोबर होते, आणि ते सगळे प्रसंग जॉबचे, म्हणजे मशीनवर कापल्या जाणाऱ्या तुकड्याचे होते: तापणं, क्लॅम्पमुळे वाकणं, रफिंगनंतर म्हणजे पहिल्या जाडसर कापणीनंतर ताण सुटणं. टूलमध्ये पोरगा पुढे, जॉबमध्ये काका. तेव्हा मी ‘ऐकत नाही’ ही तक्रार सोडली. तो कशात ऐकत नाही, तेवढंच धरलं.

वही घेऊन त्याला केबिनमध्ये बसवलं. हे शॉपवर कधीही करू नका. त्याच्या बाजूचे तीन प्रसंग आधी वाचून दाखवले. तो सरळ होऊन बसला. मग पाच. “हे मला मान्य नाहीत, सर.” मी म्हटलं, “ठीक आहे, एक निवड आणि मोजून दाखव.” त्याने स्वतःहून डॉवेल होलवाली प्लेट निवडली, कारण ती त्याला सगळ्यात जास्त बोचत होती.

ती गोष्ट अशी. स्टीलच्या प्लेटवर दोन होलमधलं अंतर ४०० मिलिमीटर हवं होतं, टॉलरन्स ±०.०१. काकांनी सांगितलं होतं, “रफिंग झालं की क्लॅम्प ढिले कर, रात्रभर बेडवरच राहू दे, सकाळी फिनिश मार.” याने कोरडं रफिंग करून लगेच होल बोअर केले, मशीनवरच्या मोजणीच्या प्रोबने तपासलं, बरोबर ४००. सीएमएम या वेगळ्या मोजणी यंत्रावर ३९९.९७७ आलं. याने सीएमएमलाच दोष दिला. दोनदा पुन्हा मोजलं, आकडा तोच. शेवटी एक होल मोठं करून, बुश ठोकून पुन्हा बोअर करावं लागलं.

आता पुढच्या प्लेटवर रफिंग संपताच मी त्याच्या हातात थर्मामीटर दिला. बेड ३१ अंश, प्लेट ३६. स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. ४०० मिलिमीटरला पाच अंशांचे होतात २४ मायक्रॉन. त्याने हे तिथेच मोबाइलवर काढलं आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत उभा राहिला. प्रोब खोटं बोलला नव्हता, प्लेट तेव्हा खरोखरच मोठी होती. मशीन स्वतःही गरमच असतं, पण जॉब आणि मशीन एकाच तापमानाला आले की फरक मिटतो. काका याला ‘जॉब मशीनच्या अंगाला लागू दे’ म्हणतात. सकाळी प्लेट आणि बेड दोन्ही २७ वर होते. फिनिश मारून सीएमएमवर ४००.००३ आलं.

राहून गेलं: काकांशीही बोलावं लागतं, आणि ते जास्त जड जातं. कार्बाइडच्या फीडचं मी त्यांना चहाच्या वेळी एकटं गाठून सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, “हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही.” तेही खरं होतं.

प्रोबेशन मी वाढवलं नाही. पोरगा आजही तुसडाच बोलतो. पण प्रोसेस शीटमध्ये त्याने ‘रफिंगनंतर क्लॅम्प ढिले, तापमान जुळेपर्यंत थांबा’ अशी ओळ घातली. मी म्हटलं, पुढे काकांचं नाव घाल. त्याने घातलं. तिसरा फॉर्म एचआरच्या टेबलावर अजून तसाच आहे. परत मागायला गेलो, तर त्यासाठीही अर्ज द्या म्हणाले.