घसाऱ्याच्या रकान्यापासून सुरुवात: आमची वाटचाल

आमचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि तीन माणसं. ॲपवर गाडी चालवणाऱ्यांचे हिशेब आम्ही ठेवतो. त्याआधी तीन वर्षं मी स्वतः गाडी चालवत होतो. रोज रात्री ॲपवरची जमा बघायची, त्यातून इंधनाचे पैसे वजा करायचे आणि उरली ती कमाई, असा माझा हिशेब होता. गाडी विकायला काढली तेव्हा मिळालेला भाव खरेदीच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली होता. मधली रक्कम कुठे गेली, हे शोधायला एक वही घेऊन बसलो. ती रक्कम मीच खाल्ली होती, दर आठवड्याला थोडी थोडी, कमाई समजून.

ती वही ओळखीच्या दोघा चालकांनी मागितली, मग त्यांच्या ओळखीच्यांनी. धंदा असा सुरू झाला.

पहिल्याच वर्षी आम्ही एक मोठी चूक केली. तक्त्यात गाडीचा घसारा, म्हणजे वापराने आणि वयाने घटत जाणारी तिची किंमत, वजा केली आणि कर्जाचा पूर्ण हप्ताही. एका चालकाची तासाची कमाई जवळपास शून्य निघाली आणि तो गाडी विकायला निघाला. हिशेब पुन्हा तपासताना लक्षात आलं की गाडीची किंमत आम्ही दोनदा वजा करत होतो. हप्त्यातली मुद्दल म्हणजे गाडीचीच किंमत, आणि ती घसाऱ्यात आलेलीच असते. खर्च धरायचा तो फक्त व्याजाचा. मुद्दल फेडण्यासाठी हातात रोख लागते हे खरं, पण रोख पुरते का हा वेगळा प्रश्न आणि कमाई किती हा वेगळा. त्या चालकाला फोन करून माफी मागितली. आजही नवीन तक्ता बनवताना मी आधी तोच रकाना बघतो.

आता एक आठवडा उलगडून दाखवतो. चलन मुद्दाम लिहीत नाही, पैशाच्या एककाला नुसतं ‘नाणं’ म्हणू. कमिशन कापून हातात आलेली जमा 10,000 नाणी. ॲप सांगतं, भाड्यावर असलेला वेळ 31 तास. म्हणजे तासाला सुमारे 323 नाणी. आकडा खोटा नाही, पण त्यात वाट बघण्याचा वेळ कुठेच नाही. ॲप चालू होतं 50 तास. घरातून निघून पहिल्या भाड्यापर्यंत पोचणं, इंधन भरणं, गाडी धुणं, रात्री रिकामं परतणं हे धरलं की 56 तास होतात. भागायचं ते 56 ने.

इथे चालकांशी सगळ्यात जास्त वाद होतात. एक ताई म्हणाल्या, “मी घरी बसून मुलाचा अभ्यास घेते, ॲप चालू असतं. तो तास धरायचा का?” आम्ही त्यांना उलट विचारलं, भाडं आलं तर लगेच उठून जाता का? त्या म्हणाल्या, बहुतेक वेळा नाकारते. मग तो तास धरला नाही. गाडीत बसून वाट बघितलेला प्रत्येक तास मात्र धरतो. दोन ॲप एकदम चालू ठेवणाऱ्यांची गंमत उलटी असते. ते दोन्हीकडचे तास जोडून आणतात आणि दिवस तीस तासांचा होतो! घड्याळ एकच धरायचं.

तासांचं झालं, आता किलोमीटर. ॲपवर भाड्याचे 620 किलोमीटर दिसतात, गाडीच्या मीटरवर कामाचे 1,000 भरले. मधले 380 रिकामे. इंधन आणि टायर दोन्ही सगळ्या हजारावर झिजतात, म्हणून प्रत्येक दर मीटरच्या आकड्यावर काढायचा. घरच्या कामाचे किलोमीटर मात्र बाजूला ठेवायचे.

इंधनासाठी कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज आम्ही वापरत नाही. टाकी काठोकाठ भरा, मीटर टिपा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा. जेवढं इंधन मावलं तेवढं मधल्या अंतरात जळलं. उभ्या गाडीत एसी चालवून जळालेलंही त्यातच येतं. या गाडीला किलोमीटरमागे 2.60 नाणी पडली.

देखभाल ज्या आठवड्यात पैसे दिले त्या आठवड्यावर टाकली की हिशेब बिघडतो. टायर बदलले तो आठवडा भिकेला लागतो आणि आधीचे सगळे उगाच श्रीमंत दिसतात. त्यापेक्षा प्रत्येक वस्तूची किंमत तिच्या आयुष्यावर वाटायची. चार टायर 8,000 नाण्यांचे आणि 40,000 किलोमीटर चालणारे, म्हणजे किलोमीटरला 0.20. ऑइल आणि फिल्टर दर 10,000 किलोमीटरला 2,000 नाणी, पुन्हा 0.20. ब्रेक, क्लच, बॅटरी आणि बाकीचं धरून एकूण 0.70.

राहिला घसारा. गाडी 3,00,000 नाण्यांना घेतली. घेतल्यापासून दीड लाख किलोमीटर चालवून विकली तर 90,000 येतील असा अंदाज. 2,10,000 नाणी दीड लाखावर वाटली की किलोमीटरला 1.40. हा खर्च खिशातून जाताना दिसत नाही, म्हणूनच तो कमाईसारखा वाटतो. गाडी फक्त धंद्यासाठी घेतली असेल तर तो सगळा धंद्यावर पडतो. घरी गाडी असतीच, तर नुसती उभी राहूनही वयाने जेवढी किंमत घटली असती तेवढी आम्ही वगळतो.

म्हणजे हजार किलोमीटरला 4,700 नाणी. विमा, परवाना, फोन आणि व्याज यांचे आठवड्याला 600. दहा हजारातून 5,300 गेले, 4,700 उरले. 56 ने भागले की तासाला सुमारे 84 नाणी. ॲपवरचे 323 आणि हे 84, दोन्ही एकाच आठवड्याचे.

तासाचा आकडा कळला म्हणून लगेच काही बदलत नाही. रोज उपयोगी पडतो तो किलोमीटरचा 4.70 हा दर. समजा 9 किलोमीटरचं भाडं आलं, हातात 95 नाणी. बरं वाटतं. पण प्रवाशापर्यंत 6 किलोमीटर जायचं आहे आणि सोडतो तिथे परतीचं भाडं मिळत नाही, 8 किलोमीटर रिकामं यायचं. एकूण 23 किलोमीटर, खर्च 108 नाणी. वेळ फुकट गेला आणि वर 13 नाणी खिशातून. इथे विमा आणि व्याज मुद्दाम धरलेलं नाही, कारण भाडं घेतलं किंवा नाकारलं तरी ते द्यावंच लागतं. नाकारण्याचा परिणाम पुढची भाडी मिळण्यावर होत असेल तर तो ज्याचा त्याने बघावा. आमचा तक्ता तेवढा हुशार नाही.

तक्त्यातला सगळ्यात कच्चा आकडा म्हणजे पुढे येणारा विक्रीचा भाव. म्हणून तो आम्ही पेन्सिलीने लिहितो. दर सहा महिन्यांनी तेच मॉडेल, तेवढंच वय, तेवढेच किलोमीटर असलेल्या गाड्या कितीला विकायला आहेत ते बघतो आणि खोडून नवा आकडा भरतो. मागच्या वेळी एका गाडीचा घसारा 1.40 वरून 1.65 झाला. हजार किलोमीटरला 250 नाण्यांचा फरक. तिचे मालक तक्ता बघत बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी विचारलं, “आणि आत्ता विकली तर?” तो रकाना आमच्याकडे नव्हता. त्याच दुपारी घातला.